एका परिच्छेदाचं एक वाक्य

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना एका शब्दाजवळ मला दरवर्षी थांबावं लागतं. तो शब्द म्हणजे 'खुलासा'. उर्दूच्या तासाला मी फळ्यावर 'सबक का खुलासा लिखिए' असं लिहिते, तेव्हा मुलांनी धडा थोडक्यात, त्याचा अर्क काढून लिहायचा असतो. मराठीच्या तासाला त्याच मुलांना 'खुलासा करा' म्हटलं, की गोष्ट उलगडून, स्पष्ट करून सांगायची असते. शब्द एकच, पण एका भाषेत तो मजकूर आवळतो आणि दुसऱ्या भाषेत मोकळा करतो. मुलं गोंधळतात, मग हसतात, आणि पुढच्या तासाला पुन्हा गोंधळतात.

पण वर्गात अचानक घेतल्या जाणाऱ्या चाचणीची तयारी कशी करावी, हे समजावताना याच गोंधळाचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. त्या तयारीला हे दोन्ही खुलासे लागतात. घरी उर्दूचा खुलासा करायचा, म्हणजे प्रत्येक परिच्छेद एका वाक्यात आवळायचा. वर्गात मराठीचा खुलासा करायचा, म्हणजे ते वाक्य आठवून त्यातून उत्तर उलगडायचं. यातलं पहिलं काम बरीच मुलं अर्धवट करतात आणि दुसऱ्याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही.

माझी भाची मराठी माध्यमात दहावीला होती. जुलै महिन्यात एके दिवशी तिच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात येऊन सांगितलं, "पुस्तकं दप्तरात ठेवा, एक कोरा कागद काढा." दहा गुणांची चाचणी, धडा 'उष्णता'. तिला तीन गुण मिळाले. गुणांपेक्षा मला तिचं बोलणं लागलं. ती म्हणाली, "खाला, मी तो धडा तीन वेळा वाचला होता. सगळं समजलंही होतं. प्रश्न समोर आले आणि डोकं रिकामं झालं. सायन्स माझ्यासाठी नाहीच. अकरावीला मी दुसरं काहीतरी घेते." ही मुलगी लहानपणापासून फार्मसीला जायचं म्हणत होती. तीन गुणांच्या एका कागदावर ती तो विचार सोडायला निघाली होती.

मी तिला तिचं पुस्तक आणायला सांगितलं. धड्याची पानं पिवळ्या मार्करने रंगवलेली होती. काही परिच्छेदांत तर रंग न लागलेली ओळ शोधावी लागत होती. बाजूला वहीत 'मुद्दे' म्हणून एक यादी होती: अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, होपचे उपकरण, दवबिंदू तापमान. मी त्यातल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बेटा, याबद्दल धडा काय सांगतो?" ती म्हणाली, "तेच ना, पाण्याचं असंगत आचरण." मी म्हटलं, "ते नाव झालं. पाणी करतं काय?" ती गप्प झाली.

दुखणं इथेच होतं. तिच्याकडे धड्यातली नावं होती, धड्याचं म्हणणं नव्हतं. 'पाण्याचे असंगत आचरण' या तीन शब्दांत क्रियापद नाही. कोण, काय करतं, कधी करतं, कशामुळे करतं, यातलं काहीच त्यात नाही. नाव वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असा समज होतो. तीन वेळा वाचण्यानेही हेच होतं. दर वेळी पान अधिक ओळखीचं होत जातं. चाचणीत मात्र पान समोर नसतं.

याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेतील सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले होते, एक सूर्याबद्दल आणि एक समुद्री ऊदमांजराबद्दल. एका पद्धतीत तोच उतारा पुन्हा वाचायचा होता, दुसऱ्या पद्धतीत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायचं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातलं सुमारे 42 टक्के आठवलं आणि न बघता लिहून काढलेल्या उताऱ्यातलं सुमारे 56 टक्के. अचानक होणारी चाचणी वाचल्यावर पाच मिनिटांनी होत नाही. ती पाच दिवसांनी, दहा दिवसांनी होते. म्हणून तिच्यासाठी कामाचं ते दुसरं माप.

आता पद्धत सांगते. सारांशलेखनाचा नियम आपण शाळेत शिकवतो तो असा: उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहा. तो सारांश दुसऱ्याने वाचायचा असतो. मी सांगते आहे तो स्वतःसाठी असतो, म्हणून तो त्याहून बराच आखूड: एका परिच्छेदाला एकच वाक्य, साधारण बारा ते अठरा शब्दांचं. त्याहून लांब झालं तर ते एका दमात आठवत नाही. त्याहून फार आखूड झालं तर ते पुन्हा नुसतं नाव होऊन बसतं.

पायऱ्या चारच आहेत. परिच्छेद एकदा सावकाश वाचायचा. मग पुस्तक मिटायचं, हवं तर पानात बोट ठेवून, आणि स्वतःला विचारायचं: 'या परिच्छेदाच्या आधी मला माहीत नव्हतं असं यात काय सांगितलं?' त्याचं उत्तर आधी तोंडाने द्यायचं, घरात बोलतो त्या बोलीत, मग ती दखनी असो, कोकणी असो की मराठी. ते उत्तर एका वाक्यात लिहायचं. शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहायचं आणि चुकलेलं दुरुस्त करायचं. पुस्तक मिटणं ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. पुस्तक उघडं असलं की हात आपोआप परिच्छेदाची पहिली ओळ उतरवतो, आणि पहिल्या ओळीत बहुतेक वेळा मुद्दा नसतो, मुद्द्याची नुसती सुरुवात असते.

भाचीबरोबर आम्ही अप्रकट उष्म्याचा भाग घेतला. उर्दू माध्यमातली मुलं याला 'मखफी हरारत' म्हणतात, म्हणजे लपलेली उष्णता. त्या परिच्छेदाचा मजकूर माझ्या शब्दांत असा:

बर्फाचे तुकडे एका भांड्यात घेतले, त्यात तापमापी ठेवली आणि भांडं मंद आचेवर ठेवलं, तर तापमापी 0 अंश सेल्सिअस दाखवते. आच चालू असते, बर्फ वितळत असतो, तरी पारा वर सरकत नाही. सगळा बर्फ वितळून पाणी झाल्यावरच तापमान वाढू लागतं. मधल्या वेळात दिलेली उष्णता बर्फाच्या रेणूंमधले बंध तोडण्यात खर्च होते. तापमापीवर न दिसणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. 0 अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं 0 अंशाचंच पाणी होण्यासाठी सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते.

तिने पुस्तक मिटलं आणि लिहिलं: 'बर्फाचा अप्रकट उष्मा.' मी म्हटलं, क्रियापद कुठे आहे? तिने दुसरं वाक्य लिहिलं: 'बर्फ तापवल्यावर त्याचं पाणी होतं.' आता क्रियापद आलं, वाक्य खरंही आहे, पण ते तिला पहिलीत असतानाही माहीत होतं. परिच्छेदाने दिलेली नवी गोष्ट त्यात नाही. तिसऱ्या खेपेला तिने भांडं, तापमापी, मंद आच, रेणू, 80 कॅलरी असं सगळं 'आणि'ने जोडत चार ओळींचं वाक्य केलं. म्हणजे परिच्छेदच पुन्हा लिहिला, फक्त पूर्णविराम काढून टाकले.

मग मी तिला विचारलं, "या परिच्छेदात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, "आच चालू असूनही तापमान वाढत नाही हे." "का वाढत नाही?" "उष्णता बंध तोडण्यात जाते म्हणून." मी म्हटलं, झालं तुझं वाक्य. तिने लिहिलं: 'बर्फ वितळताना दिलेली उष्णता बंध तोडण्यात जाते, म्हणून सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान 0 अंशावरच राहतं.' समोर समासात तिने फक्त '80' लिहिलं.

या वाक्यात 'म्हणून' हा शब्द आहे, तो फार कामाचा. विज्ञानाचे, इतिहासाचे, भूगोलाचे बरेचसे परिच्छेद काहीतरी का घडतं ते सांगत असतात. वाक्यात 'म्हणून', 'कारण', 'तरी' किंवा 'पर्यंत' यांपैकी एखादा शब्द आला तर कारणाची गाठ त्यात शाबूत राहते. 'आणि' आला तर एकदा तपासून पाहावं. 'आणि' बहुधा हेच सांगतो, की मुद्दा अजून सापडला नाही आणि माहितीची नुसती मोळी बांधली आहे.

अशा रीतीने धड्याच्या त्या भागातून ओळीने सहा वाक्यं तयार झाली. पहिलं वर आलंच आहे. बाकीची अशी:

2. सगळा बर्फ वितळल्यावर मात्र दिलेली उष्णता तापमान वाढवते, आणि पाणी 0 पासून 100 अंशांपर्यंत तापत जातं.

3. उघड्या भांड्यात पाणी उकळताना उष्णता वाफ करण्यात खर्च होते, म्हणून आच वाढवली तरी तापमान 100 अंशांवरच राहतं.

4. पाणी 0 पासून 4 अंशांपर्यंत तापवलं तर आकुंचन पावतं, म्हणून 4 अंशांवर त्याची घनता सर्वांत जास्त असते.

5. होपच्या उपकरणात मधोमध थंडावा दिला तर आधी खालची तापमापी 4 अंशांवर येते आणि मग वरची 0 वर, कारण 4 अंशांचं जड पाणी तळाला जातं.

6. थंड प्रदेशात तलावाचा वरचा थर गोठला तरी तळाला 4 अंशांचं पाणी राहतं, म्हणून मासे जगतात.

ही सहा वाक्यं ओळीने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. ती एकमेकांचा हात धरून आहेत. पहिलं आणि तिसरं जुळ्या बहिणींसारखी आहेत: एकात बर्फाचं पाणी होताना तापमान थांबतं, दुसऱ्यात पाण्याची वाफ होताना. तिसऱ्या वाक्यासमोर समासात '540' आहे, कारण 100 अंशांवरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 कॅलरी लागतात. स्वयंपाकघरात वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो, याचं उत्तरही त्याच आकड्यात आहे. वाफेचं कातडीवर पुन्हा पाणी होताना ती सगळी लपलेली उष्णता बाहेर पडते. हे सांगितल्यावर भाचीला तो आकडा पाठ करावा लागला नाही. चौथं, पाचवं आणि सहावं ही तर एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत: आधी नियम, मग तो दाखवणारा प्रयोग, मग त्याचा निसर्गातला परिणाम. सहावं विसरलं तरी चौथ्यावरून ते पुन्हा उभं करता येतं. नुसत्या नावांच्या यादीतून असं करता येत नाही. 'होपचे उपकरण' या शब्दांवरून 'मासे' आठवायला काही वाटच नाही.

आता कुठे बिघडतं तेही सांगते, कारण पद्धत ऐकायला सोपी आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे अट गळणं. माझ्या भाचीने चौथं वाक्य आधी असं लिहिलं होतं: 'पाणी 4 अंशांपर्यंत आकुंचन पावतं.' दिसायला बरोबर. पण 'कुठून' आणि 'तापवताना की थंड करताना' हे दोन्ही गळलं. मी विचारलं, "4 अंशांचं पाणी थंड करत 0 अंशांपर्यंत आणलं, तर त्याचं आकारमान वाढेल की कमी होईल?" वाक्यात 'आकुंचन' होतं, म्हणून तिने 'कमी होईल' असं सांगितलं. बरोबर उत्तर उलटं आहे. 0 पासून 4 पर्यंत तापवताना पाणी आकुंचन पावतं, म्हणजे 4 पासून 0 कडे जाताना ते प्रसरण पावणार. अट वाक्यात असती तर हे उत्तर तिला तिथल्या तिथे काढता आलं असतं. म्हणून पुस्तक उघडून ताडताना पाच प्रकारचे शब्द मुद्दाम शोधायचे: आकडे, 'फक्त', 'पर्यंत', 'मात्र', आणि दिशा सांगणारे शब्द, जसे वर-खाली, वाढणे-घटणे, आधी-नंतर. मजकूर आवळताना पहिल्यांदा हेच गळतात, आणि चाचणीतला प्रश्न नेमका यांच्यावरच येतो.

दुसरी चूक म्हणजे परिच्छेदांची संख्या आणि वाक्यांची संख्या हट्टाने जुळवणं. काही परिच्छेद म्हणजे मागच्या मुद्द्याचं नुसतं उदाहरण असतं. त्याला वेगळं वाक्य लागत नाही, मागच्या वाक्यासमोर उदाहरणाचा एक शब्द लिहिला की पुरे. काही परिच्छेदांत दोन मुद्दे असतात. तिथे दोन वाक्यं करावीत. ओळखायची खूण सोपी आहे. वाक्य पुस्तकातल्याहून फारच अवघड होत असेल तर परिच्छेदात दोन मुद्दे आहेत. वाक्यात नवीन काहीच येत नसेल तर तो परिच्छेद उदाहरणाचा आहे.

तिसरी गोष्ट चूक नाही, या पद्धतीची मर्यादा आहे. व्याख्या, सूत्रं, एककं आणि आकृत्या अशा आवळता येत नाहीत. 'विशिष्ट उष्माधारकता' ही व्याख्या शब्दशः लिहावी लागते. तिचं 'सार' लिहिलं तर गुण जातात. एक ग्रॅम हे वस्तुमान गळलं किंवा एक अंश सेल्सिअस ही तापमानवाढ गळली, की ती व्याख्याच राहत नाही. म्हणून कागदाच्या खालच्या भागात एक रेघ मारायची आणि रेघेखाली व्याख्या, सूत्रं आणि आकृतीचं नुसतं रेखाटन जसंच्या तसं ठेवायचं. कवितेचंही तेच. कवितेच्या कडव्याचं एक वाक्य करून भावार्थ आठवतो, पण ओळी पाठच कराव्या लागतात.

पद्धतीची आणखी एक मर्यादा अभ्यासक्रमाबाहेरची आहे, पण शिक्षकांनी आणि पालकांनी ती लक्षात ठेवावी. अभ्यासाच्या दहा पद्धतींची तुलना करणारा एक मोठा आढावा डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केला. त्यात सारांश लिहिण्याला त्यांनी कमी उपयोगाच्या पद्धतींत टाकलं, कारण सारांश नीट लिहायला न शिकलेल्या मुलांना त्याचा फारसा फायदा होत नाही. आठवून उत्तर देण्याच्या सरावाला मात्र त्यांनी सर्वांत उपयोगी पद्धतींत ठेवलं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. वाक्य लिहून ठेवलं आणि तो कागद फाईलमध्ये गेला, तर सगळी मेहनत वाया. वाक्य लिहायचं ते आठवण्यासाठी दोरी म्हणून. दोरी ओढायचा सराव नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

तो सराव असा. धडा शिकवला त्याच दिवशी, मगरिबनंतर अभ्यासाला बसतो तेव्हा, त्या दिवसापुरती तीन-चार वाक्यं तयार करायची. सुरुवातीला एका परिच्छेदाला पाच-सात मिनिटं लागतात, महिन्याभराने दोन-तीन. दुसऱ्या दिवशी कागद न बघता ती वाक्यं बोटांवर मोजत म्हणायची, आणि जे बोट रिकामं राहील तेवढंच वाक्य कागदात पाहायचं. तीन-चार दिवसांनी पुन्हा एकदा. चाचणी अचानक असते, म्हणून कागद आदल्या रात्री बनवता येत नाही. तो आधीपासून तयार असावा लागतो, आणि रोज तीन-चार वाक्यं केली तरच तो तयार असतो. पंधरा परिच्छेदांचा धडा एका पानावर मावतो. शाळेत जाताना रिक्षात किंवा मधल्या सुट्टीत तो पाहायला पाच मिनिटं पुरतात.

शिक्षकांनी "पुस्तकं आत ठेवा" म्हटल्यावर तो कागदही आतच जातो. अशा वेळी काय करायचं? मी भाचीला सांगितलं, कागद मिळताच कोपऱ्यात पेन्सिलीने सहा शब्द लिही: वितळणं, तापणं, वाफ, 4, होप, मासे. एकेक शब्द म्हणजे एकेका वाक्याची मूठ. मूठ धरली की वाक्य येतं, वाक्य आलं की परिच्छेद उलगडतो. पण सुरुवात या शब्दांपासून करायची नाही. आधी वाक्य पक्कं व्हायला हवं. मागे वाक्य नसेल तर 'होप' हा शब्द पूर्वीसारखाच नुसतं नाव राहतो.

पुढची चाचणी तिची ऑगस्टमध्ये झाली, याच धड्याच्या उरलेल्या भागावर, म्हणजे दवबिंदू आणि आर्द्रता. तिला सात गुण मिळाले. गेलेल्या तीन गुणांपैकी दोन सापेक्ष आर्द्रतेच्या सूत्राचे होते. त्याचं तिने सुंदर वाक्य केलं होतं, पण रेघेखाली सूत्र लिहिलं नव्हतं. हे तिने स्वतः शोधून मला सांगितलं. सायन्स माझ्यासाठी नाही, हे वाक्य त्यानंतर मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. सध्या ती वाक्यातलं 'आणि' काढून 'म्हणून' बसवण्याच्या मागे असते, आणि माझ्या उर्दूच्या वाक्यांतूनही 'और' शोधून काढते.

माझ्या बहिणीचं शिक्षण आठवीपर्यंत झालं आहे. तिने मला विचारलं, "आपा, मला तिच्या पुस्तकातलं काही कळत नाही. मी तिचा अभ्यास कसा घेऊ?" मी म्हटलं, कळायची गरज नाही. तिचा कागद हातात घे. त्यातलं एक वाक्य तिला वाचून दाखव आणि तीन वेळा विचार: 'मग?', 'का?', आणि 'नाहीतर काय झालं असतं?' मुलगी तिन्हींची उत्तरं न अडखळता देत असेल तर तो परिच्छेद तिचा झाला. अडखळली तर त्या वाक्याला पेन्सिलीने टिंब लाव आणि पुढे चल. दुसऱ्या दिवशी फक्त टिंबं लावलेली वाक्यं विचार. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा दोघी रात्रीच्या जेवणानंतर दस्तरखान आवरत होत्या. बहीण ताटं उचलता उचलता विचारत होती, "तलाव वरून गोठतो, मग खालून का नाही गोठत?" आणि भाची, हातातला ग्लास खाली ठेवून, 4 अंशांपासून सुरुवात करत होती.